फ्लूची जलद चाचणी : निकालाचा अर्थ आणि चाचणीची योग्य वेळ

महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाची, म्हणजे सर्वसामान्यपणे ज्याला फ्लू म्हटले जाते त्या आजाराची, मुख्य लाट पावसाळ्यात येते आणि जानेवारी ते मार्च या काळात तिची एक लहान आवृत्ती पुन्हा दिसते. या दोन्ही काळांत ताप, कोरडा खोकला, घसादुखी आणि अंग मोडून येणे या तक्रारींचे रुग्ण दवाखान्यांत वाढतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती नाकातील स्रावावरून पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या जलद चाचणीचा अहवाल पडतो. या अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढाच शब्द छापलेला असला, तरी त्या शब्दाचा अर्थ चाचणी कोणत्या महिन्यात, आजाराच्या कितव्या दिवशी आणि कोणत्या रुग्णाची झाली यावर ठरतो. त्यामुळे एकच निकाल एका रुग्णाच्या बाबतीत जवळजवळ खात्रीचा, तर दुसऱ्याच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असू शकतो.

जलद चाचणी विषाणूचा शोध थेट घेत नाही, तर विषाणूच्या गाभ्यातील न्यूक्लिओप्रोटीन नावाच्या प्रथिनाचा शोध घेते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ज्या परक्या पदार्थाला ओळखते त्याला प्रतिजन म्हणतात, आणि हे प्रथिन त्या अर्थाने प्रतिजन असल्यामुळे या चाचणीला प्रतिजन चाचणी किंवा अँटिजेन टेस्ट असे नाव आहे. स्वॅबवर, म्हणजे टोकाला तंतूंचा बोळा असलेल्या काडीवर, घेतलेला स्राव एका द्रावणात घुसळला जातो. त्या द्रावणामुळे विषाणूचे कवच फुटून आतील प्रथिन मोकळे होते, आणि त्याचे काही थेंब पट्टीच्या खाचेत सोडले की द्रव कागदातून पुढे सरकू लागतो. वाटेत रंगीत कणांना जोडलेली प्रतिपिंडे त्या प्रथिनाला चिकटतात आणि ‘ए’ किंवा ‘बी’ या खुणेपाशी आधीच बसवलेली दुसरी प्रतिपिंडे त्या जोडीला अडवून धरतात, त्यामुळे तेथे रेघ उमटते. पुढची ‘सी’ ही नियंत्रण-रेघ द्रव शेवटपर्यंत पोहोचल्याची आणि पट्टी काम करत असल्याची खूण असते. ती उमटली नाही तर बाकीच्या रेघा काहीही दाखवोत, चाचणी बाद समजून नव्या पट्टीवर पुन्हा करावी लागते.

या यंत्रणेतच तिची मर्यादा दडलेली आहे. पट्टीवर प्रथिनाची संख्या वाढवण्याची कोणतीही सोय नाही, त्यामुळे स्वॅबवर जेवढे प्रथिन आले तेवढ्यावरच रेघ उमटण्यासारखी असेल तर उमटते. याउलट आरटी-पीसीआर या चाचणीत विषाणूच्या जनुकीय अंशाच्या लक्षावधी प्रती तयार केल्या जातात आणि म्हणून अगदी थोडा विषाणूही सापडतो. जलद चाचणीच्या चुका एकाच बाजूला का झुकतात याचे उत्तर यातून मिळते : नसलेला फ्लू ती क्वचितच दाखवते, पण असलेला फ्लू पुष्कळदा तिच्या नजरेतून निसटतो.

ही झुकती बाजू मोजण्यासाठी दोन संज्ञा वापरल्या जातात. ज्यांना खरोखर फ्लू आहे अशा रुग्णांपैकी किती जणांना चाचणी पकडते ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता, आणि ज्यांना फ्लू नाही त्यांच्यापैकी किती जणांना ती बरोबर ‘नाही’ म्हणते ते प्रमाण म्हणजे विशिष्टता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १५९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या एका विश्लेषणात जलद चाचण्यांची विशिष्टता सुमारे ९८ टक्के, तर संवेदनशीलता अवघी ६२ टक्के आढळली. प्रौढांमध्ये ती आणखी कमी, ५४ टक्क्यांच्या आसपास होती आणि मुलांमध्ये ६७ टक्क्यांच्या आसपास, कारण मुलांच्या नाकात विषाणू अधिक प्रमाणात आणि अधिक दिवस असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली या चाचण्यांचे नियम कडक करून आरटी-पीसीआरसारख्या रेण्वीय चाचणीशी तुलना करता किमान ८० टक्के संवेदनशीलतेची अट घातली, ती याच उणिवेमुळे. बाजारातील सर्व संचांची कुवत सारखी नसते, म्हणून अहवालावर संचाचे नाव असणे आणि वैद्यकाने त्याची माहितीपत्रिका पाहिलेली असणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

या आकड्यांचा रुग्णाच्या दृष्टीने अर्थ काय होतो ते एक हिशेब केल्याशिवाय नीट उमगत नाही. समजा ऑगस्टच्या भर लाटेत ताप-खोकल्याच्या १,००० रुग्णांची चाचणी झाली आणि त्यांच्यापैकी ३०० जणांना खरोखर फ्लू होता. संवेदनशीलता ६० टक्के धरली तर त्या ३०० पैकी १८० जण पॉझिटिव्ह ठरतील आणि १२० निसटतील. उरलेल्या ७०० पैकी २ टक्के, म्हणजे १४ जण, फ्लू नसताना पॉझिटिव्ह दिसतील. एकूण १९४ पॉझिटिव्हांपैकी १८० खरे, म्हणजे ९३ टक्के. अशा दिवसांत पॉझिटिव्ह निकालावर विश्वास ठेवायला हरकत नाही. निगेटिव्ह निकाल मात्र ८०६ जणांना मिळेल आणि त्यांच्यातील १२० जणांना, म्हणजे साधारण सातांतील एकाला, प्रत्यक्षात फ्लूच असेल.

आता तीच चाचणी मे महिन्यात, फ्लू जवळजवळ नसताना, १,००० रुग्णांवर झाली आणि त्यांच्यापैकी केवळ २० जणांना फ्लू होता असे समजू. १२ जण बरोबर पकडले जातील, पण फ्लू नसलेल्या ९८० जणांपैकी सुमारे २० जण चुकून पॉझिटिव्ह ठरतील. अशा वेळी ३२ पॉझिटिव्हांपैकी निम्म्याहून अधिक निकाल खोटे असतात. निगेटिव्ह निकाल मात्र ९९ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर निघतो, पण तो चाचणीचा पराक्रम नव्हे, कारण त्या काळात चाचणी न करताही ‘फ्लू नसावा’ असे म्हणणारा ९८ टक्के वेळा बरोबरच ठरला असता. पट्टी तीच, प्रयोगशाळा तीच, तरी लाटेत पॉझिटिव्ह निकाल भरवशाचा असतो आणि निगेटिव्ह संशयास्पद, तर लाट नसताना पॉझिटिव्ह निकाल दुसऱ्या चाचणीने पडताळून घ्यावा लागतो. म्हणूनच परिसरात सध्या फ्लू फिरतो आहे की नाही ही माहिती चाचणीइतकीच मोलाची ठरते, आणि ती वैद्यकाला आपल्या रोजच्या रुग्णांवरून आणि आरोग्य विभागाच्या साप्ताहिक आकडेवारीवरून मिळते.

ऋतूनंतर महत्त्व येते ते आजाराच्या दिवसाला. फ्लूचा विषाणू लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून नाकात वाढू लागतो, लक्षणांच्या पहिल्या दोन दिवसांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि निरोगी प्रौढात पाच ते सात दिवसांत ते ओसरते. त्यामुळे जलद चाचणी लक्षणे सुरू झाल्यापासून तीन, फार तर चार दिवसांच्या आत झाली तरच तिच्याकडून काही अपेक्षा ठेवता येते. पाचव्या-सहाव्या दिवशी, ताप उतरून केवळ खोकला रेंगाळत असताना केलेल्या चाचणीचा निगेटिव्ह निकाल ‘फ्लू नव्हता’ असे सांगत नाही. तो एवढेच सांगतो की आता नाकात पट्टीला दिसेल इतके प्रथिन उरलेले नाही. येथे एक गल्लत वारंवार होते. पुष्कळ कुटुंबांत पहिले तीन दिवस घरच्या गोळ्यांवर काढले जातात आणि आजार लांबला म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी चाचणी केली जाते, म्हणजे चाचणीची धार सर्वाधिक असते ते दिवस वाया जातात आणि ती बोथट झाल्यावर तिला प्रश्न विचारला जातो.

स्राव कसा घेतला जातो यालाही तितकेच महत्त्व आहे. नाकपुडीच्या तोंडाशी काडी फिरवून घेतलेल्या स्रावात विषाणूग्रस्त पेशी थोड्या असतात. नाकाच्या मागील, घशाला मिळणाऱ्या भागातून स्राव घेताना लवचीक बारीक काडी वर कपाळाच्या दिशेने नव्हे, तर नाकाच्या तळाला समांतर, कानाच्या दिशेने हलकेच सरकवावी लागते, अडथळा जाणवेपर्यंत आत न्यावी लागते, काही क्षण तेथे ठेवून फिरवावी लागते आणि मग बाहेर काढावी लागते. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते, तो क्षणभर मान मागे घेतो. एवढी अस्वस्थता झालीच नाही तर काडी पुरेशी आत गेली नसण्याची शक्यता असते. काही संच नाकाच्या पुढील भागातील स्रावासाठीच बनवलेले असतात आणि त्यांच्यासाठी त्यांच्याच पत्रिकेतील पद्धत व त्यांचीच काडी वापरावी लागते. केवळ घशातून घेतलेला स्राव जलद फ्लू चाचणीसाठी सहसा कमी प्रतीचा ठरतो.

पट्टी वाचण्याच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ठरलेल्या वेळेत दिसणारी फिकट रेघ ही पॉझिटिव्हच असते, कारण रेघेचा रंग प्रथिनाच्या प्रमाणानुसार गडद-फिका होतो, पण तिच्या असण्यातून मिळणारे उत्तर बदलत नाही. ठरलेली वेळ, जी बहुतेक संचांत दहा ते पंधरा मिनिटांची असते, उलटून गेल्यावर उमटलेली रेघ मात्र गृहीत धरू नये, कारण द्रव सुकल्यामुळेही पुसट खूण दिसू शकते. आणि ‘ए’ व ‘बी’ या दोन्ही रेघा एकदम उमटल्या तर दोन प्रकारच्या फ्लूची लागण एकाच वेळी होणे दुर्मीळ असल्याने चाचणी पुन्हा करणे इष्ट असते. नाकात फवारा मारून दिली जाणारी फ्लूची लस नुकतीच घेतलेली असेल तर लशीतील दुर्बळ विषाणूमुळेही काही दिवस चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ही माहिती स्राव घेणाऱ्यास आधीच द्यावी.

‘ए पॉझिटिव्ह’ या निकालाचा अर्थ ‘स्वाइन फ्लू’ असा लावण्याची प्रथा महाराष्ट्रात २००९पासून रुजली आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नव्या एच१एन१ विषाणूमुळे देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला आणि शहरात चाचणीसाठी रांगा लागल्या. प्रत्यक्षात जलद चाचणी फ्लू ए आणि फ्लू बी एवढाच भेद करते. ए गटातील एच१एन१ आणि एच३एन२ हे उपप्रकार तिला ओळखता येत नाहीत, त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर करावी लागते. रुग्णाच्या उपचारात मात्र या भेदाने सहसा काही फरक पडत नाही, कारण २००९चा एच१एन१ आता दरवर्षी येणाऱ्या हंगामी फ्लूंपैकीच एक झाला आहे आणि ऑसेल्टामिविर हे औषध दोन्ही उपप्रकारांवर सारखेच दिले जाते. उपप्रकाराचे नाव कळले नाही म्हणून घराने भयभीत होण्याचे कारण नाही, आणि कळले म्हणूनही नाही.

आता चाचणी नेमकी कधी करावी हा प्रश्न उरतो, आणि त्याची कसोटी सोपी आहे : निकाल काहीही आला तरी पुढचे पाऊल तेच राहणार असेल, तर चाचणी अनावश्यक असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००९च्या साथीत रुग्णांचे अ, ब आणि क असे जे गट पाडले, त्यांच्यामागे हेच तर्कशास्त्र आहे. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेल्या अ गटातील रुग्णाला चाचणीही नको आणि विषाणुरोधक औषधही नको. त्याने घरी विश्रांती घ्यावी, इतरांत मिसळू नये आणि २४ ते ४८ तासांनी वैद्यकाने त्याला पुन्हा पाहावे. ब गटात तीव्र ताप व तीव्र घसादुखी असलेले रुग्ण येतात आणि ज्यांना गुंतागुंतीचा धोका अधिक तेही येतात : पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, ६५ वर्षांवरील व्यक्ती, तसेच मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, कर्करोग यांनी ग्रस्त असलेले आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे. यांच्यासाठी ऑसेल्टामिविर चाचणीची वाट न पाहता सुरू करावे असे मार्गदर्शन आहे. धाप, छातीत दुखणे, ग्लानी, रक्तदाब उतरणे, थुंकीत रक्त, नखे निळसर होणे यांपैकी काही असलेला क गटातील रुग्ण मात्र तातडीने रुग्णालयात दाखल करून त्याची चाचणी करायची असते, आणि औषध तेथेही निकालासाठी थांबवायचे नसते.

उदाहरणादाखल ऑगस्टमधील एका काल्पनिक रुग्णाचा विचार करता येईल. वय ६८, दहा वर्षांचा मधुमेह, कालपासून १०२ अंश ताप आणि खोकला, घरात नातवाला चार दिवसांपूर्वी असाच आजार. अशा रुग्णाला फ्लू असण्याची शक्यता चाचणीपूर्वीच निम्मी धरणे अवाजवी नाही. जलद चाचणी निगेटिव्ह येते आणि कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. हिशेब वेगळेच सांगतो : असे १०० रुग्ण घेतले तर फ्लू असलेल्या ५० पैकी ५४ टक्क्यांच्या हिशेबाने २७ पकडले जातील आणि २३ निसटतील, फ्लू नसलेल्या ५० पैकी ४९ निगेटिव्ह ठरतील, म्हणजे ७२ निगेटिव्ह निकालांपैकी २३ जणांना, जवळपास एक-तृतीयांश रुग्णांना, फ्लू असेलच. ऑसेल्टामिविरचा लाभ लक्षणांच्या पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो आणि या रुग्णाचे त्यांपैकी २४ तास आधीच संपलेले आहेत. म्हणून येथे निगेटिव्ह निकालावर विसंबून औषध नाकारणे ही चूक ठरेल. मूत्रपिंडाचे कार्य पाहून, कारण ते मंद असल्यास मात्रा कमी करावी लागते, प्रौढाची नेहमीची ७५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोन वेळा पाच दिवस सुरू करावी आणि शंका फिटावी म्हणून हवी तर आरटी-पीसीआर पाठवावी, असा निर्णय वैद्यकाने घेणे सयुक्तिक होय. हाच रुग्ण २५ वर्षांचा निरोगी तरुण असता, तर दोन्ही निकालांनंतर त्याला विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल हाच सल्ला मिळाला असता आणि चाचणीचे पैसे वाचवणे शहाणपणाचे ठरले असते.

पावसाळ्यात आणखी एक धोका संभवतो, तो म्हणजे फ्लूच्या निकालामागे दुसरा आजार झाकला जाण्याचा. डेंग्यू, हिवताप आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा काळही हाच असतो. ताप जोरात आहे, पण नाक, घसा, खोकला यांची काहीच तक्रार नाही, अशा रुग्णाच्या नाकात काडी घालण्यापेक्षा त्याची रक्तचाचणी प्रथम होणे अगत्याचे असते. उलट फ्लू पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णाचा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, कफ पिवळसर होऊन दम लागू लागला, तर पहिल्या अहवालाकडे बोट दाखवून थांबू नये, कारण फ्लूनंतर जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया नेमका अशाच क्रमाने येतो. रक्तातील प्रतिपिंडे मोजून फ्लूचे निदान करण्याच्या चाचण्या या कोणत्याही प्रसंगी कामाच्या नाहीत, कारण ती प्रतिपिंडे तयार होईपर्यंत आजार बरा झालेला असतो.

मोठ्या रुग्णालयांत आता जलद रेण्वीय चाचण्याही उपलब्ध होत आहेत. क्षयाच्या निदानामुळे परिचित झालेल्या कार्ट्रिजच्या यंत्रांवर फ्लूचा जनुकीय अंश सुमारे तासाभरात शोधता येतो आणि त्यांची संवेदनशीलता ९० ते ९५ टक्क्यांच्या घरात असते. दाखल झालेल्या रुग्णासाठी पट्टीपेक्षा हीच चाचणी मागणे योग्य. तरीही फुप्फुसात न्यूमोनिया उतरलेल्या गंभीर रुग्णाच्या नाकातून विषाणू ओसरलेला असू शकतो, आणि अशा वेळी नाकाचा निकाल निगेटिव्ह आला तरी श्वासनलिकेतून घेतलेल्या स्रावाची चाचणी केल्याशिवाय फ्लूची शक्यता सोडून देता येत नाही.

साध्या पट्टीचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो तो एकट्या रुग्णाच्या निदानात नव्हे, तर वृद्धाश्रम, वसतिगृह किंवा रुग्णालयातील कक्ष अशा सामूहिक निवासात. तेथे दोन-तीन दिवसांत अनेकांना ताप-खोकला सुरू झाला, तर आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी असलेल्या पाच-सहा जणांचे स्राव एकदम तपासावेत. प्रत्येक चाचणी निम्म्या वेळा फ्लू निसटू देत असली, तरी खरोखर फ्लू असलेल्या पाच जणांपैकी सर्वच्या सर्व निसटण्याची शक्यता तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त राहत नाही, आणि एकही ठाम पॉझिटिव्ह निकाल आला की साथ फ्लूची आहे असे धरून चालता येते. मग उरलेल्या आजाऱ्यांची वेगळी चाचणी न करता त्यांना औषध सुरू करता येते, त्यांच्या खोल्या व जेवणाची वेळ वेगळी करता येते, भेटीला येणाऱ्यांना काही दिवस थांबवता येते, आणि अद्याप आजारी न पडलेल्या वृद्धांना दिवसातून एकदा घ्यावयाची प्रतिबंधक मात्रा द्यावी की नाही हे त्याच संध्याकाळी वैद्यकाला ठरवता येते.